गणपतीआधी ऑफिस लवकर सोडायचंय, मग भरपाईचे तास कुठे बसवायचे?

प्रश्न: आमचं ठाण्यात 26 जणांचं खासगी ऑफिस आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी 9.30 ते संध्याकाळी 6, मध्ये 1 ते 1.30 जेवणाची सुट्टी. यंदा गणपती सोमवारी, 14 सप्टेंबर 2026 ला आहेत. अर्धं ऑफिस कोकणातलं, म्हणून शनिवारी 12 तारखेला दीड वाजता ऑफिस बंद करायला साहेब तयार झालेत. पण ते चार तास "गणपती झाले की 21 तारखेपासून चार दिवस रोज एक तास जास्त बसून भरून द्या" असं म्हणतायत. नोटीस मला काढायची आहे. कशी काढू? यात काही नियम असतो का?

उत्तर:

तास 21 तारखेनंतर भरून घेऊ नका. ते त्याच आठवड्यात, सणाच्या आधीच भरून घ्या. सोमवार 7 ते गुरुवार 10 सप्टेंबर रोज एक तास जादा, आणि शनिवारी दीडला सुट्टी. साहेबांना हवे तेवढेच तास मिळतात, लोकांना हवी ती सुट्टी मिळते आणि ओव्हरटाइमचा प्रश्नच येत नाही. असं का, ते आधी सांगतो, कारण साहेबांना तुम्हालाच पटवायचं आहे.

तुमच्या ऑफिसला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, 2017 लागू आहे. त्यात कामाची मर्यादा दोन बाजूंनी घातलेली आहे: दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास. 2025 मध्ये राज्य सरकारने रोजची मर्यादा 10 तासांवर नेली आणि कायदा 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरता ठेवला, पण आठवड्याचे 48 तास हलवले नाहीत. मी अजूनही नोटीस जुन्या 9 तासांतच बसवतो. ती दोन्ही हिशोबांनी चालते, आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर वाद घालत बसावं लागत नाही.

आता तुमचा आठवडा मोजा. साडेनऊ ते सहा म्हणजे घड्याळात साडेआठ तास. जेवणाचा अर्धा तास वजा केला की काम 8 तास. सहा दिवसांचे झाले 48. म्हणजे तुमचं ऑफिस एरवीच काठोकाठ भरलेलं आहे. 21 ते 26 सप्टेंबर हा पूर्ण सहा दिवसांचा आठवडा आहे. त्यात माणशी चार तास घातले की 52 होतात. वरचे चार तास कायद्याने ओव्हरटाइम ठरतात, आणि त्याचा दर नेहमीच्या पगाराच्या दुप्पट. "पण हे तर आधीच्या सुट्टीचे तास आहेत" हे इथे चालत नाही, कारण मर्यादा त्या त्या आठवड्याची आहे. मागच्या आठवड्यात कमी भरलं म्हणून पुढच्या आठवड्यात जास्त भरायची मुभा कायदा देत नाही. लोकांनी लिहून संमती दिली तरी दुप्पट दराचा हक्क त्यामुळे बुडत नाही.

साहेबांपुढे कलमं वाचून दाखवण्यापेक्षा आकडा ठेवा. समजा एखाद्याचा पगार 26,000 आहे. महिन्याचे 26 दिवस, रोजचे 8 तास, म्हणजे 208 तास. तासाचे 125 रुपये पडले, दुप्पट दराने 250, चार तासांचे 1,000. "फुकटात" भरून घेतलेले चार तास माणशी हजार रुपयांना पडतील, तेही कोणी मागितले तर. आणि माणसं एरवी मागत नाहीत, राजीनामा दिल्यावर मागतात. माझा अनुभव असा की हा आकडा ऐकल्यावर चर्चा पाच मिनिटांत संपते.

उलट 7 ते 12 सप्टेंबरचा आठवडा बघा. सोमवार ते गुरुवार रोज 9 तास, म्हणजे 36. शुक्रवार 8. शनिवार साडेनऊ ते दीड, म्हणजे 4. बेरीज 48. एकही मर्यादा ओलांडली जात नाही आणि एक तासही बुडत नाही. शनिवारी घड्याळाप्रमाणे लोक साडेचार तास आधी सुटतायत असं दिसेल, पण त्यातला अर्धा तास जेवणाचा आहे. भरपाई चारच तासांची धरा, साडेचारची नाही. ही चूक नोटिशींत सर्रास दिसते आणि अकाउंट्समधला एखादा चौकस माणूस ती लगेच पकडतो.

कोणी म्हणेल, मग 15 ते 19 सप्टेंबरला का नको? त्या आठवड्यात सोमवारची सुट्टी असल्याने कामाचे 40 तासच भरतात, चार तास सहज मावतील. कागदावर मावतात, पण त्या आठवड्यात ऑफिसात असतं कोण? चाकरमानी गौरी-गणपती विसर्जन करूनच परत येतो. तोवर भरपाईचे तास अर्ध्या लोकांकडून घ्यायचे राहतात आणि मग तुम्ही वहीत उधारी लिहून माणसांच्या मागे लागता. आधी तास भरून घेतले की शनिवारी दीड वाजता सगळ्यांचा हिशोब चुकता झालेला असतो.

सोमवार ते गुरुवारच का, तर शुक्रवार मोकळा ठेवावा म्हणून. मधल्या एखाद्या दिवशी लोकल रखडली किंवा कोणाचं मूल आजारी पडलं, तर राहिलेला तास शुक्रवारी भरता येतो. गावी जाणाऱ्यांची शेवटची खरेदी शुक्रवारी संध्याकाळी असते, आणि तुमच्याकडे शुक्रवारच्या नमाजला जाणारी मंडळी असतील तर त्यांचंही वेळापत्रक हलत नाही.

आता खरी गोम. रोजचा जादा तास कुठे घालायचा? बहुतेक जण डोळे झाकून लिहितात, "सायंकाळी 6 ऐवजी 7 पर्यंत". तुमच्या ऑफिसात असं लिहिलंत तर जुन्या हिशोबाने चुकेल. सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं असेल तर मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते, असं 2017 च्या मूळ कायद्यात होतं; 2025 च्या बदलात हे 5 चे 6 तास झाले, पण मी इथेही जुनीच मर्यादा धरतो. दीडला जेवण संपलं आणि सातपर्यंत बसवलं की सलग साडेपाच तास होतात. चहाची दहा मिनिटं ही अर्धा तास विश्रांती नव्हे.

यावर दोन उपाय आहेत. एक, तास सकाळी घ्या: 8.30 ते 6, जेवण 1 ते 1.30. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार तास पडतात. दुसरा, सातपर्यंतच बसवायचं असेल तर त्या चार दिवसांपुरतं जेवण 2 ते 2.30 करा. तिथेही साडेचार-साडेचारच येतात. ऑफिसात येण्यापासून निघेपर्यंतचा एकूण काळ दोन्हीकडे साडेनऊ तास होतो. त्याला मूळ कायद्यात साडेदहा तासांची मर्यादा आहे, तीही पाळली जाते.

मी दोन्ही पर्याय ठेवतो आणि प्रत्येकाला एक निवडायला सांगतो. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्याला साडेआठ गाठणं म्हणजे पहाटेची लोकल, त्याला संध्याकाळ बरी. ज्या बाईला मुलांना पाळणाघरातून घ्यायचं असतं तिला सात म्हणजे संकट, तिला सकाळ बरी. मात्र निवड एकदाच आणि चारही दिवसांसाठी एकच. रोज बदलायची मुभा दिलीत तर हजेरीचा पार बोऱ्या वाजतो. सकाळच्या तुकडीत किल्ली असलेला एक माणूस आहे ना, हे आधी बघून ठेवा. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी बारा माणसं बंद शटरसमोर उभी असलेली मी पाहिली आहेत.

नोटीस साधारण अशी काढा. नाव आणि जावक क्रमांक तुमचे घाला:

सूचना
दिनांक: 24 ऑगस्ट 2026
विषय: शनिवार, 12 सप्टेंबर 2026 रोजी कार्यालय लवकर बंद करणे व कामाच्या तासांचे समायोजन

सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, श्रीगणेश चतुर्थीनिमित्त शनिवार, दि. 12 सप्टेंबर 2026 रोजी कार्यालय दुपारी 1.30 वाजता बंद होईल. त्या दिवशी कामाची वेळ सकाळी 9.30 ते दुपारी 1.30 अशी राहील व भोजनाची सुट्टी असणार नाही.

सदर दिवशी कमी होणारे कामाचे 4 तास त्याच आठवड्यात, सोमवार, दि. 7 ते गुरुवार, दि. 10 सप्टेंबर या चार दिवशी प्रत्येकी 1 तासाप्रमाणे भरून काढावयाचे आहेत. त्यासाठी पुढीलपैकी एक वेळ निवडावी. 'अ' वेळ: सकाळी 8.30 ते सायंकाळी 6.00, भोजन 1.00 ते 1.30. 'ब' वेळ: सकाळी 9.30 ते सायंकाळी 7.00, भोजन 2.00 ते 2.30. निवडलेली वेळ चारही दिवस कायम राहील. निवड सोमवार, दि. 31 ऑगस्टपर्यंत प्रशासन विभागाकडे कळवावी.

अपरिहार्य कारणाने एखाद्या दिवशी जादा तास भरता न आल्यास तो शुक्रवार, दि. 11 सप्टेंबर रोजी भरता येईल. ज्यांना जादा तास भरणे शक्य नाही त्यांनी शनिवारसाठी अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी. अशा कर्मचाऱ्यांची चारही दिवसांची वेळ नेहमीचीच राहील.

सोमवार, दि. 14 सप्टेंबर रोजी वार्षिक यादीप्रमाणे सणाची भरपगारी सुट्टी राहील. कार्यालय मंगळवार, दि. 15 सप्टेंबर रोजी नेहमीच्या वेळेत सुरू होईल.

खाली सही, हुद्दा, आणि प्रत फलकावर. फलकावर लावून थांबू नका. 26 नावांचा एक कागद फिरवा आणि नावापुढे 'अ', 'ब' किंवा 'रजा' लिहून सही घ्या. तोच कागद पुढे हजेरीच्या फायलीत जातो.

नोटिशीतली सोमवारची ओळ मुद्दाम आहे. त्या सुट्टीची भरपाई मागता येत नाही. कायद्याने वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आणखी चार, ज्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधीच मिळून ठरवायच्या असतात. ठाण्यात त्या चारांत गणेश चतुर्थी नसेल असं ऑफिस विरळा, तरी जानेवारीत लावलेली यादी एकदा उघडून बघा. काही ठिकाणी "शनिवार अर्धा आणि सोमवार पूर्ण, असे बारा तास भरून द्यावेत" अशी नोटीस निघते. त्यातले आठ तास बेकायदा मागितलेले असतात.

तारखेचं म्हणाल तर 24 ऑगस्ट ही सविस्तर नोटिशीची शेवटची सोयीची तारीख समजा. निर्णय मात्र त्याच्या खूप आधी तोंडी किंवा ग्रुपवर कळायला हवा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 12 सप्टेंबरच्या गाडीचं 14 जुलैला. ज्याला त्या सकाळी माहीत असतं की आपण शनिवारी दीडला सुटणार, तो संध्याकाळची गाडी बघतो. ज्याला माहीत नसतं तो शुक्रवार रात्रीची काढतो आणि शनिवारची पूर्ण रजा टाकतो. मग तुमची सवलत कागदावरच राहते. यंदा तो मुहूर्त हुकला असेल तर एसटी आणि खासगी गाड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना तरी उपयोग होईल.

आता रजेचे गुंते. हे नोटिशीत सगळे लिहू नका, नाहीतर नोटीस तीन पानांची होते. पण उत्तरं स्वतःजवळ तयार ठेवा, कारण पहिल्याच दिवशी तीन-चार जण विचारणार. कोणी बुधवारी पूर्ण रजेवर असेल तर त्या दिवसाचा जादा तास त्याच्याकडून वेगळा मागू नका. रजा दिवसाची असते, तासांची नाही, आणि त्या दिवशी कामाचा दिवस नऊ तासांचा होता. ज्याने चारही तास भरले आणि शनिवारी आलाच नाही, त्याची अर्ध्या दिवसाची रजा लावा. पूर्ण दिवसाची लावलीत तर त्याने भरलेले चार तास तुम्ही गिळलेत असा त्याचा अर्थ होतो, आणि तो बरोबरच आहे. नोटीस पीरियडवर असलेला माणूस शुक्रवारी 11 तारखेला सुटत असेल तर त्याला चार दिवस नेहमीच्या वेळेतच सोडा. त्याच्या वाट्याला शनिवार येणारच नाही. चुकून त्याने तास भरले असतील तर त्या चार तासांचा साधा पगार शेवटच्या हिशोबात द्या.

सगळ्यात जास्त घोळ शनिवारी दुपारी होतो. दीड वाजून गेल्यावर क्लायंटचा फोन येतो, "एवढं एक करून द्या ना", आणि दोन माणसं सहापर्यंत अडकतात. त्यांनी चार तास आधीच भरलेले असतात. त्यांचा आठवडा 52 तासांचा होतो, आणि ज्या ओव्हरटाइममधून आपण एवढ्या खटपटीने वाट काढली तो मागल्या दाराने परत येतो. म्हणून शनिवारी दुपारी कोणी थांबायचं असेल तर ती नावं 31 ऑगस्टलाच ठरवा. गणपती नसलेले किंवा ठाण्यातच घर असलेले एक-दोघे सहसा खुशीने तयार होतात. त्यांना सोमवार ते गुरुवार नेहमीची वेळ द्या आणि शनिवारी सहापर्यंत पूर्ण दिवस भरू द्या. त्यांचेही 48च होतात. मात्र "तुला सण नाही ना, मग तूच थांब" असं कोणालाही सांगू नका. विचारा, आणि दसरा-दिवाळीच्या वेळी किंवा ईद-नाताळला त्याची परतफेड लक्षात ठेवा. क्लायंट मंडळींना 7 तारखेलाच एक ओळीचा मेल टाका की 12 ला दीडनंतर आणि 14 ला पूर्ण दिवस ऑफिस बंद आहे. निम्मे फोन तिथेच थांबतात.

बायोमेट्रिक मशीनकडे लक्ष द्या. सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट बदलली नाही तर ते सोमवार ते गुरुवार 'ब' वाल्यांचा रोज एक तास ओव्हरटाइम दाखवेल आणि शनिवारी सगळ्यांची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावेल. 'अ' वाला साडेनऊला उगवला तरी त्याला लेट मार्क बसणार नाही. त्या आठवड्यासाठी तीन तात्पुरत्या शिफ्ट करून घ्या: 'अ', 'ब' आणि शनिवारची अर्धी. पगार सॉफ्टवेअर हजेरीतून थेट उचलत असेल तर महिनाअखेरीची वाट बघू नका. मंगळवारी 8 तारखेला सकाळी सोमवारचा रिपोर्ट काढा. 'ओटी'च्या रकान्यात एकही आकडा दिसला तर शिफ्ट नीट लागलेली नाही. एका दिवसाची दुरुस्ती दहा मिनिटांत होते, सहा दिवसांची 26 जणांची हाताने करायला अर्धा दिवस जातो.

शिपाई, चहावाला मुलगा आणि सफाईवाल्या मावशी यांना विसरू नका. 'अ' तुकडी साडेआठला आली तर ते आठ-सव्वाआठला येणार, आणि 'ब' तुकडी सातला गेल्यावर निघणार. दोन्ही टोकं एकाच माणसावर टाकलीत तर त्याचे दहा-साडेदहा तास होतात. सकाळ एकाकडे, संध्याकाळ दुसऱ्याकडे, असं वाटून द्या. ही माणसं ठेकेदाराची असतील तर त्यालाही नोटिशीची प्रत द्या आणि शनिवारचा अर्धा दिवस त्यांच्या बिलातून कापला जाणार नाही हे लिहून घ्या. सुरक्षा रक्षक मंडळाचा असेल तर त्याची पाळी तुमच्या नोटिशीने बदलत नाही. त्याला फक्त शनिवारी किती वाजता कुलूप लावायचं आणि किल्ली कोणाकडे द्यायची, ते सांगा.

साहेब म्हणतील, "एवढं करण्यापेक्षा चार तास सोडूनच देतो." तसं झालं तर उत्तमच. मग नोटीस तीन ओळींची होते आणि वरचं निम्मं गळून जातं. पण तसं करायचं असेल तर "यंदापुरते, सद्भावना म्हणून" हे शब्द घालून घ्या, कारण पुढच्या वर्षी लोक ती प्रथा मानतील. तास जोडून सुट्टी देणं म्हणजे काही कंजूषपणा नाही, हेही त्यांना सांगा. राज्य सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून शनिवार-रविवारची सुट्टी दिली तेव्हा कार्यालयांची वेळ 9.45 ते 6.15 करून रोजचे तास वाढवलेच होते.

तुमचं ऑफिस पुढेमागे पाच दिवसांचं झालं तर हाच हिशोब नव्याने मांडा, ही नोटीस जशीच्या तशी वापरू नका. पाच दिवसांच्या ऑफिसात आठवड्याला जागा असते, पण रोजचे काम आधीच साडेआठ-नऊ तासांवर गेलेलं असलं तर दिवसाला जागा नसते. तिथे एक तास घालता येत नाही, रोज पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास असा वाटून घालावा लागतो, आणि तेवढ्यात भागत नसेल तर ऑफिस दीडऐवजी साडेतीनला सोडणं जास्त शहाणपणाचं.